चोवीस चौकटी आणि गुळगुळीत पडदा

गेल्या गणेशोत्सवातील एका संध्याकाळी आमच्या सरकारी वसाहतीतील मराठी मंडळाने आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट दाखविण्याचे ठरविले. वर्गणी जमवून मंडळाने नुकताच पंचावन्न इंची दूरचित्रवाणी संच घेतला होता आणि त्याचे उद्घाटन याच चित्रपटाने व्हावे, अशी सर्वांचीच इच्छा होती. मुले पुढे सतरंजीवर, वडीलधारी मंडळी मागे खुर्च्यांवर, असा थाट जमला. चित्रपट सुरू होऊन वीसेक मिनिटे झाली असतील-नसतील, तोच आमच्या शेजारी बसलेले निवृत्त अवर सचिव भाऊसाहेब हळूच म्हणाले, “अहो, हा चित्रपट आम्ही लहानपणी गावच्या जत्रेत तंबूत पाहिला आहे. तो हा नव्हे. हे तर कुणी नाटकाची तालीम चित्रित केल्यासारखे दिसते आहे.”

प्रथम आम्हांस वाटले की, हा वयाचा आणि आठवणींचा परिणाम असावा. परंतु नीट पाहू लागलो, तेव्हा भाऊसाहेबांचे म्हणणे खरे असल्याचे ध्यानात आले. चित्र स्वच्छ होते, आवाज स्पष्ट होता, एकही दृश्य कापलेले नव्हते. तरीही माणसांच्या चालण्या-वळण्यात एक प्रकारचा तेलकट गुळगुळीतपणा आला होता. कुणी झटकन् मान वळविली की, मानेभोवतीची पार्श्वभूमी क्षणभर पाण्यासारखी हलत होती. हा दोष चित्रपटाचा नव्हता. संचाच्या पोटात चालणाऱ्या एका क्रियेचा होता. तिला ‘मोशन स्मूदिंग’, म्हणजे गती गुळगुळीत करणे, असे म्हणतात. ती बंद करावयास दोन मिनिटे पुरतात. परंतु उत्पादक ती मुळात घालतात कशासाठी, या प्रश्नाच्या मागे लागल्यावर आम्हांस जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागला, आणि तोच येथे सांगण्याचा विचार आहे.

या इतिहासाचा आरंभ चोवीस या आकड्यापासून होतो. चित्रपट म्हणजे स्थिर छायाचित्रांची मालिका, हे सर्वांस ठाऊक आहे. यांतील प्रत्येक छायाचित्रास आपण चौकट म्हणू. दर सेकंदास अशा किती चौकटी असाव्यात, याविषयी मूकपटांच्या काळात पक्का नियम नव्हता. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावयाचा. फिरविणाऱ्याच्या हातास जी लय, ती चित्रपटाची गती. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, तो याच हाताच्या लयीच्या युगातला. सेकंदास सोळा चौकटींपासून वीस-बावीसपर्यंत ही गती कमीअधिक होई, आणि चित्रपटगृहाचा मालक घाईत असला म्हणजे दाखविताना ती आणखी वाढे. डोळा हे सर्व सहन करीत असे.

कान मात्र ते सहन करीना. चित्रास आवाज जोडण्याची वेळ आली, तेव्हा गती किंचित बदलली तरी गाण्याचा सूर चढू किंवा उतरू लागला. एकच कायम गती ठरविणे भाग पडले. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे अभियंते बोलपटाची यंत्रणा सिद्ध करीत होते. त्यांनी पाहिले की, चांगल्या चित्रपटगृहांतून फीत मिनिटास साधारण ऐंशी ते नव्वद फूट या वेगाने धावते. त्यांनी नव्वद फूट हा वेग पक्का केला. पस्तीस मिलिमीटरच्या फितीत एका फुटात सोळा चौकटी बसतात. नव्वद गुणिले सोळा म्हणजे मिनिटास १४४० आणि सेकंदास २४. चोवीस हा आकडा असा जन्मास आला. त्यामागे दृष्टिशास्त्राचा काही गहन सिद्धांत नव्हता. आवाज नीट उमटावा आणि महागडी फीत फार खर्च होऊ नये, एवढाच हिशेब होता. १९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलू लागला, तोवर हा आकडा सर्व जगाचा झाला होता.

परंतु एकदा आकडा ठरला म्हणजे त्याभोवती कला उभी राहते. सेकंदास चोवीस चौकटींत कॅमेरा झपाट्याने आडवा फिरविला, तर खांब, झाडे, खिडक्या धक्के खात सरकतात. म्हणून छायालेखकांनी एक अंगवळणी नियम केला, की पडद्याच्या एका कडेची वस्तू दुसऱ्या कडेस पोहोचावयास सुमारे सात सेकंद लागतील इतक्या सावकाश कॅमेरा फिरवावा. प्रत्येक चौकट साधारणपणे एका सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागापुरती प्रकाशास उघडी ठेवावी, म्हणजे हलणारा हात किंचित पुसट उमटतो आणि एक चौकट दुसरीत मिसळल्याचा भास होतो. चित्रपटगृहातील यंत्रात झडप अशी बसविली की, प्रत्येक चौकट दोनदा चमकावी. त्यामुळे डोळ्यास सेकंदास अठ्ठेचाळीस वेळा प्रकाश मिळे आणि लुकलुक जाणवत नसे. मंद कॅमेरा, किंचित पुसटपणा आणि अंधारातून येणारी चमक, या तिहींतून चित्रपटाचे ते रूप घडले, जे आपण पाहताक्षणी ओळखतो आणि ज्यास आपण नकळत ‘गोष्टीचे जग’ समजतो.

दूरचित्रवाणीने दुसऱ्याच रूपाची सवय लावली. आपल्याकडे ती १९५९ साली दिल्लीत आली आणि तिची चाल सेकंदास पन्नास अर्धचित्रांची ठरली. स्टुडिओतील कॅमेरा हे प्रत्येक अर्धचित्र वेगळ्या क्षणी टिपीत असे; म्हणजे हालचालीचे पन्नास निरनिराळे क्षण एका सेकंदात डोळ्यास मिळत. बातम्या, मुलाखती, क्रिकेटचे सामने, स्टुडिओत बसविलेली नाटके, ही सर्व या गुळगुळीत चालीची. रविवारी संध्याकाळी याच संचावर चित्रपट लागे, तेव्हा मात्र त्यात सेकंदास सुमारे पंचवीसच क्षण असत. कुणीही शिकविल्यावाचून दोन पिढ्यांचे डोळे एवढे शिकले की, जे गुळगुळीत हलते ते आत्ताचे आणि खरे, व जे किंचित अडखळत हलते ते कथेतले. भाऊसाहेबांस ‘नाटकाची तालीम’ आठवली ती यामुळे. अमेरिकेत दुपारच्या कौटुंबिक मालिका याच पद्धतीने ध्वनिचित्रफितीवर टिपीत असत. त्यांना ‘सोप ऑपेरा’ म्हणत, आणि म्हणून या दोषास तिकडे आजही ‘सोप ऑपेरा इफेक्ट’ असेच नाव आहे.

आता गुळगुळीत करणाऱ्या यंत्राकडे वळू. त्याचा जन्म चित्रपट बिघडविण्यासाठी झाला नाही. तो एका खऱ्या दुखण्यावरचा उपाय होता. युरोपातही सेकंदास पन्नास अर्धचित्रांचीच पद्धत होती. काचेच्या नळीचे संच मोठे आणि तेजस्वी होऊ लागले, तसा पन्नासाचा लुकलुकाट डोळ्यांस त्रास देऊ लागला. म्हणून शंभर वेळा उजळणारे संच निघाले. त्यांत प्रत्येक चित्र नुसते दोनदा दाखवीत. पण मग धावणारा चेंडू दुहेरी दिसे. याचे कारण असे की, आपला डोळा चेंडूबरोबर सरकत असतो. दुसऱ्या वेळी तेच चित्र जुन्या जागी दिसले की, डोळ्याच्या पडद्यावर ते थोडे मागे उमटते. यावर एकच इलाज होता: दुसऱ्या वेळी जुने चित्र न दाखविता चेंडू मधल्या जागी असलेले नवे चित्र तयार करून दाखविणे.

हे करावयाचे कसे? हॉलंडमधील फिलिप्स कंपनीत खेरार्ट द हान आणि त्यांचे सहकारी या प्रश्नावर काम करीत होते. त्यांची पद्धत १९९३ साली प्रसिद्ध झाली. चित्राचे बारीक चौकोनी तुकडे पाडावयाचे आणि प्रत्येक तुकडा पुढील चित्रात कोठे गेला, हे शोधावयाचे. सर्व दिशांस शोधू गेले तर गणित अवाढव्य होते. त्यांनी युक्ती काढली ती अशी की, शेजारच्या तुकड्यांची व मागील चित्रातील तुकड्यांची चाल आधीच ठाऊक असते, तेव्हा त्यांतलेच मोजके अंदाज तपासावे. माणूस चालतो तेव्हा त्याचा खांदा आणि बाही एकाच दिशेने जातात. शेजाऱ्याची चाल ती आपली चाल, हे बहुधा खरेच ठरते. यामुळे गणित एका छोट्या चकतीत मावले आणि १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास ते फिलिप्सच्या संचांतून घरोघर गेले.

तरीही हे प्रकरण महागड्या संचांपुरतेच राहिले असते. ते सार्वत्रिक झाले ते एल.सी.डी.च्या चपट्या पडद्यांमुळे, आणि येथे दुसरे खरे दुखणे पुढे आले. काचेच्या नळीत प्रत्येक बिंदू क्षणभर चमकून विझत असे. चपटा पडदा विझत नाही. एक चित्र पुढचे येईपर्यंत तसेच धरून ठेवतो. समजा, १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावरून चेंडू दोन सेकंदांत आरपार गेला. म्हणजे त्याची चाल सेकंदास ९६० बिंदू. सेकंदास साठ चित्रे दाखविणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्र १/६० सेकंद स्थिर राहते. तेवढ्यात चेंडूमागे सरकणारा डोळा सोळा बिंदू पुढे गेलेला असतो. परिणामी चेंडू सोळा बिंदू फासल्यासारखा दिसतो. पडदा १२० चित्रांचा केला आणि मधली चित्रे रचून भरली, तर हा फास आठ बिंदूंवर येतो. हा लाभ खरा आहे, मोजता येणारा आहे. २००० नंतरच्या दशकात अभियंत्यांनी हा मार्ग धरला, यात त्यांचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. दोन चित्रांच्या मध्ये पडदा क्षणभर काळा करण्याचा दुसराही उपाय आहे, परंतु त्याने चित्र मंद होते. आणि मंद पडदा दुकानात कोण घेणार?

खरी अडचण दुकानातच सुरू झाली. विक्रेत्याच्या भिंतीवर वीस संच एका ओळीत लावलेले असतात आणि ग्राहक प्रत्येकासमोर जेमतेम मिनिटभर उभा राहतो. तेवढ्या वेळात सामना किंवा समुद्रावरचे पक्षी ज्या संचावर लोण्यासारखे सरकतात, तोच संच उजवा ठरतो. शिवाय हा गुण आकड्यात सांगता येतो. साठाहून एकशेवीस मोठे, एकशेवीसाहून दोनशेचाळीस मोठे; मग पडदा प्रत्यक्षात साठाचाच असला, तरी निराळ्या नावाने मोठा आकडा खोक्यावर छापण्याची चढाओढ लागली. प्रत्येक कंपनीने या क्रियेस आपापले नाव दिले, ती संच उघडताच चालू राहील अशी ठेवली, आणि ग्राहकास ती आहे हे बहुधा कळलेही नाही. ज्यास नाव ठाऊक नाही, ते बंद कोण करणार?

चित्रपटाच्या बाबतीत मात्र हा उपाय नसलेल्या रोगावर लागू होतो. १२० चित्रांच्या पडद्यावर चोवीस चौकटींचा चित्रपट गुळगुळीत करावयाचा, तर प्रत्येक दोन खऱ्या चौकटींमध्ये चार चौकटी यंत्राने रचाव्या लागतात. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी असतात. त्यांत यंत्र ६,९१,२०० चौकटींची भर घालते. म्हणजे पडद्यावर जे दिसते, त्याचे पाचांतले चार भाग दिग्दर्शकाने किंवा छायालेखकाने कधी पाहिलेलेच नसतात. त्यातून यंत्र चुकते. माणूस खांबामागून बाहेर येतो तेव्हा त्याच्या मागची जागा आधीच्या चौकटीत नसतेच. यंत्र ती अंदाजाने भरते आणि माणसाभोवती थरथरती कडा उमटते. टांग्याच्या चाकाचे आरे, गजांची खिडकी, जाळीचे कुंपण, येथे सर्व तुकडे एकसारखे असल्याने कोणता कोठे गेला, हे त्यास कळत नाही. फार वेगवान हालचालीत तर ते हात टेकते आणि काही क्षण मूळ चोवीसावर परतते. मग एकच दृश्य कधी गुळगुळीत, कधी अडखळते असे होते, आणि हे सर्वांत जास्त खुपते.

चित्रपटवाल्यांनी यावर आवाज उठविला, पण उशिरा. डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरी यांनी एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध करून लोकांस ही क्रिया बंद करण्याची विनंती केली. पुढील वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, मार्टिन स्कोर्सेसी, क्रिस्टोफर नोलन आदी दिग्दर्शकांच्या पाठिंब्याने यू.एच.डी. अलायन्स या उद्योगसंस्थेने एक समान व्यवस्था जाहीर केली. तिचे नाव सर्व कंपन्यांच्या संचांवर एकच ठेवले: Filmmaker Mode. ती निवडली की, गती गुळगुळीत करणे, कृत्रिम टोकदारपणा आणि दाणा पुसणे ही तिन्ही बंद होतात. २०२० पासून अनेक कंपन्यांच्या संचांत ती येऊ लागली. नावे एक करणे, हाच यातील मोठा विजय म्हणावा लागेल. कारण कुलूप उघडण्यापेक्षा किल्ली शोधण्यातच लोक थकले होते.

यावर कुणी विचारील की, चोवीस हा जर निव्वळ योगायोग, तर त्यास एवढे कवटाळावयाचे कशास? प्रश्न रास्त आहे. पीटर जॅक्सन यांनी २०१२ साली ‘द हॉबिट’ मुद्दाम सेकंदास अठ्ठेचाळीस चौकटींनी चित्रित केला. पुष्कळांस तो नाटकी वाटला. तरीही त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. तेथे निर्णय करणाऱ्याने केला, दिवे, रंगभूषा, कॅमेऱ्याची चाल त्या गतीस जुळवून केली, आणि प्रत्येक चौकट खरी होती. अत्र्यांचे छायालेखक मात्र चोवीस धरून काम करीत होते. त्यांच्या कामात सत्तर वर्षांनी परस्पर भर घालणे, हे कार्यालयीन भाषेत बोलावयाचे तर, मंजूर टिप्पणीच्या ओळींमध्ये मागाहून मजकूर लिहिण्यासारखे आहे. मजकूर सुवाच्य असला, म्हणून तो अधिकृत ठरत नाही.

आता बंद करण्याविषयी. संचाच्या चित्रविषयक मांडणीत जाऊन Filmmaker Mode असल्यास तोच निवडावा. नसल्यास Cinema किंवा Movie या नावाचा निवडावा. एवढ्याने काम होईलच असे नाही, म्हणून हालचालीचा वेगळा रकानाही पाहावा. सोनीच्या संचांत त्याचे नाव Motionflow, एल.जी.च्या TruMotion, आणि सॅमसंगच्या Picture Clarity Settings किंवा जुन्या संचांत Auto Motion Plus असे आढळते. तेथे Off करावे. काही संचांत दोन वेगळे आकडे दिसतात, एक Judder या शब्दाचा व दुसरा Blur या शब्दाचा. चित्रपटाचे रूप बदलतो तो पहिला. तो शून्यावर आणावा. दुसरा मुख्यतः साठ चित्रांच्या कार्यक्रमांवर, म्हणजे सामन्यांवर, परिणाम करतो.

आमच्या मंडळात येथेच एक फजिती झाली. इंटरनेटवरून चित्रपट लावून आम्ही ही क्रिया बंद केली, भाऊसाहेबांनी मान डोलविली, आणि पुढील रविवारी डी.टी.एच.च्या पेटीवरून दुसरा चित्रपट लावला तो पुन्हा पहिल्यासारखाच! कारण शोधता असे आढळले की, आमचा संच प्रत्येक जोडणीसाठी आणि प्रत्येक चित्रप्रकारासाठी वेगळी नोंद ठेवतो. म्हणून जेथून जेथून चित्र येते, तेथे तेथे ही दुरुस्ती करावी. झाली की नाही, हे पाहण्यास शेवटची श्रेयनामावली उत्तम. पडद्यावर वर सरकणारी नावे अगदी काचेवरून घसरल्यासारखी दिसली, तर क्रिया चालू आहे. किंचित थरथरत चढली, तर बंद आहे.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ओ.एल.ई.डी. जातीचे नवे पडदे चित्र इतक्या चटकन् बदलतात की, चोवीस चौकटींचा धक्का त्यांवर चित्रपटगृहाहून अधिक जाणवतो. मूळ झडपेची चमक आणि अंधार तेथे नसतो. तसेच साठांचाच पडदा असला, तर चोवीस चौकटी समान वाटून बसत नाहीत. एक चौकट १/३० सेकंद आणि दुसरी १/२० सेकंद, अशी आळीपाळीने टिकते, आणि सावकाश सरकणाऱ्या दृश्यात लंगडेपणा येतो. १२० च्या पडद्यावर प्रत्येक चौकट नेमकी पाच वेळा बसते, म्हणून तेथे हा दोष राहत नाही. ज्यांस हे धक्के फारच बोचतात, त्यांनी आकडा शून्याऐवजी एक-दोनवर ठेवावा; त्यात पाप नाही. सामन्यासाठी क्रिया चालू ठेवण्यासही आमची हरकत नाही, ती मुळात त्यासाठीच जन्मली.

त्या रविवारी सर्व जोडण्या दुरुस्त करून आम्ही ‘श्यामची आई’ पुन्हा आरंभापासून लावला. या खेपेस मुले थोडी कमी होती, पण भाऊसाहेब पहिल्या खुर्चीवर येऊन बसले. अर्ध्या तासाने आम्ही विचारले, “काय भाऊसाहेब, आता कसे?” त्यांनी पडद्यावरची दृष्टी न काढता हातानेच आम्हांस गप्प राहण्याची खूण केली.